पोलिसांकडे मराठीत सांगितलेला जबाब इंग्रजीत कसा लिहायचा?

प्र.: शेजाऱ्याच्या भांडणात माझा जबाब झालाय, बोली मराठीत आहे, त्याचं फॉर्मल इंग्रजी करायचंय, कसं करू?

फॉर्मल करायच्या नादात क्रियापदं जड करू नका, सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. समजा तुम्ही म्हणालात, "त्यानं दोन कानाखाली मारल्या अन् काठी उगारली, खिशात चाकू होता म्हणे." बरेच जण याचं "असॉल्टेड मी विथ अ स्टिक अँड अ नाइफ" करून टाकतात, आणि तिथंच जबाब बदलतो, कारण उगारली म्हणजे लागली नाही! तिथे "स्लॅप्ड मी ट्वाइस अँड रेज्ड अ स्टिक" एवढंच हवं. "म्हणे" तर अजिबात गाळू नका, ते ऐकीव आहे, म्हणून "आय वॉज टोल्ड दॅट" लिहा आणि कुणी सांगितलं तेही घाला, नाहीतर उलटतपासणीत वकील विचारणार, चाकू तुम्ही स्वतः पाहिलात का?

जबाबात "परवा" असेल तर नेमकी तारीखच लिहा. शिव्या मात्र "अब्यूज्ड" म्हणून गुंडाळू नका, मूळ शब्द जसेच्या तसे रोमन लिपीत लिहून पुढे अर्थ द्या. मूळ मराठी प्रत कायम सोबत जोडा.