वडापावच्या कॅलरी, पाणीपुरीची भीती आणि भज्यांचं तेल

"मॅडम, घरचं जेवण मी वजनकाट्यावर मोजून लिहिते, पण बाहेर वडापाव, पाणीपुरी, भजी खाल्ली की काय लिहायचं तेच कळत नाही. अ‍ॅपमध्ये एकाच वडापावचे चार आकडे दिसतात, कुठे दोनशे तर कुठे साडेचारशे. मग भीतीने मी रात्री जेवतच नाही. अंदाज लावायचा तरी कसा?"

वजन काही उतरेना म्हणून हा प्रश्न घेऊन माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. वय पस्तिशीच्या आसपास, ऑफिसमधून घरी जाताना लोकलच्या आधी काहीतरी खायची सवय, घरी पोचायला साडेआठ वाजतात त्यामुळे ती सवय चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. त्यांची वही बघितली तर एक मजेशीर गोष्ट दिसली, पाणीपुरीच्या एका प्लेटसमोर लिहिलं होतं 500 आणि कांदाभज्यांच्या प्लेटसमोर 150. का विचारलं तर म्हणाल्या, "पाणीपुरी म्हणजे जंक ना, आणि भज्यांत काय, कांदाच तर असतो." माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचा अंदाज असाच उलटा असतो, कारण आपण कॅलरी मोजत नाही, पदार्थाची बदनामी मोजतो.

मी त्यांना अ‍ॅप बाजूला ठेवायला सांगितलं. अ‍ॅपमधले आकडे सगळे खोटे असतात असं नाही, पण कोणाचा वडा लिंबाएवढा, कोणाचा मुठीएवढा, कोणी पावाला बटर लावून भाजलेला, आणि नोंद करणाऱ्याने यातलं काहीच लिहिलेलं नसतं. त्यापेक्षा तुम्ही नेहमी ज्या गाडीवर खाता तिथला एक वडापाव पार्सल आणा, घरी काट्यावर ठेवा आणि त्याचे तुकडे करा, असं सांगितलं. एकदाच करायचंय, रोज नाही.

त्यांनी आणला. पाव 42 ग्रॅम, वडा 78 ग्रॅम, सुकी लाल चटणी आणि हिरवी मिळून 8 ग्रॅमच्या आसपास. आता पावाचं सोपं आहे, साध्या लादीपावाच्या एका ग्रॅमला पावणेतीन कॅलरी धरल्या तर 110-115 होतात. वड्याचं मात्र दोन भागांत बघायचं. आतली बटाट्याची भाजी काढली तर ती 52 ग्रॅम भरली. उकडलेला बटाटा आणि फोडणीचं थोडं तेल, म्हणजे ग्रॅमला एक किंवा किंचित जास्त, 55-60 धरू. राहिलं बाहेरचं बेसनाचं आवरण, फक्त 26 ग्रॅम, पण खरी गंमत तिथेच आहे. त्यात कोरडं बेसन असेल 12 ग्रॅमच्या आसपास, तेल 7 ते 9 ग्रॅम, बाकी पाणी. बेसनाच्या 45 आणि तेलाच्या 65 ते 80, कारण तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी. म्हणजे वड्याचा एक तृतीयांश भाग आणि कॅलरी मात्र वड्यातल्या दोन तृतीयांश! सुक्या चटणीत खोबरं आणि शेंगदाणे असतात, तिच्या 30-40 धरा. सगळी बेरीज साधारण 310 ते 340. त्यांना मी सांगितलं, तुमच्या गाडीवरचा वडापाव 300 ते 350, वहीत 350 लिहा आणि विषय संपवा.

वरून चुरा मागितला तर तो वेगळा धरायचा बरं का. चुरा म्हणजे बेसनाचे तेल प्यायलेले थेंब, त्यात बटाटा वगैरे काही नाही, ग्रॅमला पाच-साडेपाच पडतात, मूठभर घेतला तर 60-80 कुठेच गेले नाहीत. तव्यावर बटर लावून पाव भाजून घेतला तर 10 ग्रॅम बटरच्या अजून 70. मिरची फुकट, म्हणजे कॅलरीच्या हिशोबाने फुकट.

पाणीपुरीचं तर ऐकून त्या हसल्याच. पुऱ्यांचं पाकीट आणून दहा पुऱ्या एकत्र ठेवल्या तर 45 ग्रॅम भरल्या, म्हणजे एक पुरी साडेचार ग्रॅम. (एक-एक पुरी ठेवू नका, घरगुती काटा एवढं हलकं नीट दाखवत नाही.) पुरी तळलेली आणि एकदम कोरडी असते म्हणून ग्रॅमला पाच धरायच्या, एका पुरीच्या 22-23 झाल्या. आत चमचाभर रगडा किंवा बटाटा, 10-12. तिखट पाण्याच्या जवळपास शून्य. गोड चटणीत गूळ आणि खजूर असतो, तिच्या छोट्या चमच्याला 10 धरा. म्हणजे फक्त तिखट असेल तर एक पुरी 35, गोड घातली तर 45. सहा पुऱ्यांची प्लेट 210 ते 270, आणि शेवटची सुकी पुरी शेव मारून, तिच्या अजून 40-50. एवढंच! म्हणजे वहीतले 500 जवळपास दुप्पट होते. पण शेवपुरी, दहीपुरी याच मापात मोजू नका, तिथे शेव मूठभर असते आणि शेव म्हणजे परत बेसन आणि तेल, त्यात दह्यातही बऱ्याच ठिकाणी साखर असते.

आता भजी, ज्यांच्यासाठी मी एवढं सगळं लिहायला बसले. भज्यांचा आकडा प्लेट बघून काढताच येत नाही, कारण तेल दिसत नाही. म्हणून मी ताईंना घरी एकदा कांदाभजी करायला सांगितली, पण हिशोबाने. कढई तेलासकट थंड असताना वजन करायची, तळून झाल्यावर पूर्ण थंड झाली की तळाचा गाळ झाऱ्याने काढून परत वजन करायची. 100 ग्रॅम बेसन आणि 200 ग्रॅम कांदा घेतला होता, कढईतलं तेल 70 ग्रॅमने कमी झालं. भजी ज्या कागदावर काढली तो आधी आणि नंतर काट्यावर ठेवला, त्यात 5 ग्रॅम गेलं होतं. म्हणजे भज्यांत 65 ग्रॅम तेल, त्याच्या 585. बेसनाच्या 360, कांद्याच्या 80. बेरीज 1025, आणि तयार भजी भरली 290 ग्रॅम. ग्रॅमला साडेतीन! घरी, चांगल्या तापलेल्या तेलात, सोडा न घालता.

त्यांच्या स्टेशनबाहेरच्या प्लेटमध्ये 130 ग्रॅम भजी निघाली, म्हणजे 455. आणि त्या पावाबरोबर खायच्या, ते वहीत कुठेच नव्हतं. धरा 570. म्हणजे 150 लिहिलेली गोष्ट वडापावाच्याही बरीच पुढे गेली.

कांदाभजी एवढं तेल का पिते तर तिचा आकार. वडा गोल, बंद, तेलाला फक्त बाहेरची बाजू मिळते, आणि कांदाभजी म्हणजे सगळीकडे निघालेल्या काड्या, प्रत्येक काडीला बेसन आणि प्रत्येक बेसनाला तेल. सोडा घातला की पीठ जाळीदार होतं, अजून तेल धरतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, बरंचसं तेल तळताना नाही तर बाहेर काढल्यावर आत शिरतं. कढईत असेपर्यंत आतली वाफ जोरात बाहेर येत असते, ती तेलाला आत येऊ देत नाही, भजी बाहेर काढली, थंड व्हायला लागली की वाफ विरते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून गरम असतानाच झाऱ्यात झटकून निथळलेली भजी आणि थेट परातीत ढीग टाकलेली भजी यांत फरक पडतो. गाडीवर बघायचं ते हेच: भजेवाला निथळतोय का, आणि सकाळी अर्धवट तळून ठेवलेला ढीग गिऱ्हाईक आलं की परत तेलात सोडतोय का. परत तळलं की सहसा तेल वाढतंच. अशा ठिकाणी मी ग्रॅमला चार धरायला सांगते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. कुरकुरीत भजी म्हणजे कमी तेलाची असा समज असतो, हाताला तेल लागत नाही ना. पण कुरकुरीत म्हणजे पाणी उडालेलं, म्हणून शंभर ग्रॅममागे कॅलरी उलट जास्त निघू शकतात, खेकडा भजी याचं चांगलं उदाहरण. कागद किती पारदर्शक झाला यावरूनही नक्की कळत नाही, कागदावर दिसतं ते तुमच्या पोटात न गेलेलं तेल. बटाट्याची जाड काप असलेली भजी मात्र खरंच थोडी हलकी पडते, तिला ग्रॅमला अडीच ते तीन पुरेत.

एवढं करूनही आकडा 20-25 टक्के इकडेतिकडे होणार, हे मी ताईंना आधीच सांगितलं होतं. तुमचा घरचा पोळीचा आकडाही काही परीक्षेतल्या उत्तरासारखा बरोबर नसतो. म्हणून रेंज धरायची आणि वरची बाजू लिहायची, कारण आपल्या सगळ्यांचा कल कमी लिहिण्याकडेच असतो.

बरं, मग वजन का उतरत नव्हतं? पाणीपुरीच्या दिवशी घाबरून जेवण बंद, आणि साडेदहाला भूक लागली की फरसाणाचा डबा. दोन मुठी, 50 ग्रॅम, म्हणजे 270 च्या आसपास, वर चार बिस्किटं. हे वहीत लिहिलेलं नव्हतं कारण "जेवले नाही" असं त्यांच्या डोक्यात होतं. जेवणाच्या दोन पोळ्या, भाजी, वरण याच्या साधारण 400-450 होत होत्या. म्हणजे जेवण सोडून वाचलं ते शंभरेक कॅलरी, आणि पोटही भरलेलं नाही.

मग आम्ही एवढंच ठरवलं: पाणीपुरी किंवा एक वडापाव खाल्ला तर रात्री पोळ्या एक किंवा शून्य, पण वरण, भाजी आणि कोशिंबीर राहणार. भजीपाव असेल तर त्यालाच जेवण समजायचं, घरी आल्यावर फक्त ताक आणि वाटीभर मूग किंवा वरण. भजी खायचीच असेल तर प्लेट दोघीत, पाव नाही. फरसाण खाल्लं तर खाल्लं, पण लिहायचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजनाकडे बघू नका असंही सांगितलं, मिठाने आणि पाळीने किलोभर वर-खाली होतं आणि माणूस वडापावाला दोष देऊन मोकळा होतो. महिन्याचा कल बघून जर काहीच हललं नाही तर मग अंदाज वरच्या बाजूने अजून दहा टक्के वाढवायचे, गाडी बदलली की वडा परत एकदा काट्यावर. आणि समजा आकडा लिहायच्या धास्तीने कोणी मैत्रिणींबरोबर खायलाच जायचं टाळत असेल, किंवा खाल्ल्यावर उपाशी राहून भरपाई करत असेल, तर अशांना मी आकडे लिहायलाच लावत नाही, वही काही आठवडे बंद करून आधी त्यावर बोलते. ताईही रात्रीचं जेवण सोडत होत्या, पण त्यांचं या टोकाला गेलेलं नव्हतं, त्यांना फक्त बेसनाचं आणि तेलाचं गणित माहीत नव्हतं.