कवितेत आकडे कोरडे का वाटतात?

प्रश्न : कवितेत साल, किंमत, अंतर असे आकडे घातले की नेमकेपणा येतो, पण ओळ हिशेबाच्या वहीसारखी कोरडी होते. यावर उपाय काय?

आकडा कोण मोजतंय हे कळलं नाही की तो कोरडा होतो. म्हणून आधी मोजणारा माणूस शोधा.

समजा, आजारी वडिलांवर कविता लिहायची आहे. पहिल्या खर्ड्यात बहुतेक जण असं काहीतरी लिहितात :

*दोन वर्षांत बाबांचं वजन*
*अठ्ठ्याहत्तरवरून एकसष्टवर आलं,*
*सतरा किलो कमी झालं.*

आकडे नेमके आहेत, पण ते कुणाचेच नाहीत. शिवाय कवीने वजाबाकीही स्वतःच करून टाकली, त्यामुळे वाचकाला काही करायला उरलं नाही. आता हीच गोष्ट शिंप्याच्या वहीतून सांगू. त्याला आजाराशी देणंघेणं नाही, त्याला शर्ट शिवायचा आहे :

*छाती एकेचाळीस, उंची एकोणतीस.*
*पुढच्या पानावर छाती अडतीस,*
*त्याच्या पुढच्यावर चौतीस.*
*उंची एकोणतीस.*
*शिलाई तेवढी दर वेळी वाढलेली.*

इथे आजाराचं नाव नाही, ‘खंगले’ हा शब्द नाही. तरी चौतीसपाशी वाचक थबकतो, कारण वजाबाकी त्याने स्वतः मनात केलेली असते. या ओळींमधला माझ्या मते सगळ्यात कामाचा आकडा मात्र एकोणतीस आहे, न बदलणारा. उंची तीच राहिल्यामुळे माणूस तोच आहे हे कळतं आणि छातीची घट बोचते. नुसते घटत जाणारे आकडे हा तक्ता झाला असता. त्यांच्यात एक स्थिर आकडा ठेवला की त्यांना मोजपट्टी मिळते.

हे आकडे निवडतानाही विचार करावा लागतो. छत्तीस मी मुद्दाम टाळला, कारण मराठी कानाला तिथे ‘छत्तीसचा आकडा’ ऐकू येतो आणि बापलेकाच्या भांडणाची शंका येते. तेहतीसच्या मागे लगेच कोटी देव उभे राहतात. बारा, छप्पन, साडेतीन, दीड यांनाही आधीपासूनच अर्थ चिकटलेले आहेत. तो अर्थ हवा असेल तर खुशाल वापरा, नको असेल तर शेजारचा आकडा घ्या. शंभर आणि हजार हे तर कवितेत आकडे राहतच नाहीत, त्यांचा अर्थ ‘पुष्कळ’ एवढाच होतो. खरोखर मोजलंय असं वाटायला हवं असेल तर सत्त्याण्णव म्हणा. घटही समान ठेवू नका. एकेचाळीस, अडतीस, पस्तीस अशी तीन-तीनची उतरंड रचलेली वाटते.

अंकात लिहायचं की अक्षरात, हा प्रश्न कानाचा आहे. कागदावर ‘१९८७’ चार खुणांत बसतं, पण वाचताना ते ‘एकोणीसशे सत्त्याऐंशी’ होतं. म्हणजे सतरा मात्रा. पादाकुलक या वृत्ताची आख्खी ओळच सोळा मात्रांची असते! छंदात लिहीत असाल तर ‘सत्त्याऐंशी साली’ म्हणून बारा मात्रांत भागतं, पण मग शतक संदर्भातून कळायला हवं. मुक्तछंदात मोजणी नसली तरी तोंडाला तेवढाच वेळ लागतो, म्हणून आकड्याची ओळ नेहमी मोठ्याने वाचून बघा. अंकच छापायचे असतील तर त्यालाही कारण हवं, उदाहरणार्थ ती पाटी किंवा पावती जशीच्या तशी दाखवायची आहे.

साल एकटं आलं तर ते फक्त तारखेचं काम करतं. त्याच्या शेजारी दुसरं साल किंवा वय ठेवलं की मधला काळ वाचक स्वतः मोजतो. अंतरात एकक महत्त्वाचं. चालणारा माणूस किलोमीटर मोजत नाही, तो वळणं, विसावे, तास मोजतो. किलोमीटर मोजणारा गाडीत बसलेला असतो. दोघांची कविता वेगळी.

किंमत सगळ्यात लवकर शिळी होते. आज महाग वाटणारा आकडा वीस वर्षांनी स्वस्त वाटेल आणि ओळीचा अर्थच उलटेल. म्हणून किंमत सांगायचीच असेल तर तिच्याजवळ मजुरी ठेवा : ‘तीन दिवसांच्या मजुरीचा शर्ट’. वरच्या ओळींमध्ये शिलाईचा आकडा मी याच कारणाने दिला नाही. ती वाढत गेली एवढंच तिथे लागतं.

आकडा खरंच लागतोय का हे बघायला त्याच्या जागी ‘खूप’ किंवा ‘थोडं’ घालून पाहा. ओळीचं काहीच बिघडलं नाही तर तो आकडा काढून टाका. ‘चौतीस’च्या जागी ‘खूप कमी’ घातलं तर शिंपी वहीतून उठून जातो आणि पुन्हा आपणच बोलू लागतो.