सखल गल्लीसाठी पंप आणि संप केवढा?

प्रश्न: ढगफुटीसारखा पाऊस आला की आमच्या सखल गल्लीत गुडघाभर पाणी साचतं. सगळं मिळून एक हेक्टर जागेवरचं पाणी आमच्याकडे उतरतं. पंप आणि त्याच्यासाठी पाणी गोळा करणारा संप केवढा लागेल?

उत्तर: ताशी 100 मिमी पाऊस धरा. एक हेक्टरवर ताशी 1000 घनमीटर पाणी पडतं. डांबर-काँक्रीटवरून त्यातलं 90 टक्के वाहून येतं, म्हणजे 900 घनमीटर. त्यासाठी ताशी 450 घनमीटरचे दोन पंप आणि तिसरा राखीव ठेवा. वीज हमखास जाते, म्हणून जनरेटर हवाच.

संप साठवणीसाठी नसतो. मिनिटाला 15 घनमीटर पाणी येत असताना मोठा हौदही लगेच भरतो. संप लागतो तो पंप सारखा चालू-बंद होऊन मोटर जळू नये म्हणून. तासाला दहा वेळा सुरू होणं चालत असेल, तर एका पंपाचे 450 भागिले चार गुणिले दहा, म्हणजे 40, असं 11.25, वर धरून 12 घनमीटर पाणी चालू आणि बंद पातळ्यांच्या मध्ये मावलं पाहिजे. बंद पातळीखालचं पाणी यात धरू नका.

रस्ता तुडुंब आणि संप मात्र रिकामा दिसला, तर मोठा पंप घेऊ नका. जाळीवर पिशव्या अडकल्यात, आधी त्या काढा.