नंबर नसलेली स्कूटर ताब्यात दिली, आता दंड कोणी भरायचा?

"वकीलसाहेब, पाडव्याला कोल्हापुरात नवी स्कूटर घेतली, २२ दिवस झाले. शोरूमवाले म्हणाले टेम्पररीवर फिरवा, पण टेम्पररीचा कागद काही दिला नाही, पुढे नुसता स्टिकर चिकटवलाय. परवा पोलिसांनी अडवलं. आता म्हणतात नंबर आलाय, पण प्लेट बसवायचे वेगळे ८०० द्या. डिलिव्हरीला 'गाडी स्वतःच्या जबाबदारीवर नेतो' असं लिहूनही घेतलंय. काय करू?"

आधी गाडी घरी लावून ठेवा आणि प्लेट बसेपर्यंत रस्त्यावर काढू नका, बाकीचं आपण बघू.

शोरूमवाल्यांनी तुम्हाला टेम्पररीचं जे सांगितलं तेच मुळात चुकीचं आहे. टेम्पररी नंबर प्रामुख्याने लागतो तो गाडी एका राज्यात घेऊन दुसऱ्या राज्यात कायमची नोंदवायची असते तेव्हा, म्हणजे कोल्हापुरात घेतली आणि बेळगावला पासिंग करायचंय असं. आणि तो आरटीओकडून रीतसर मिळतो, कागदावर नंबर असतो, मुदत असते, पिवळ्या प्लेटवर लाल अक्षरात लिहितात. तुमच्या हातात कागदच नाही म्हणजे टेम्पररी झालेलीच नाही. तुम्ही राहता महाराष्ट्रात, गाडी घेतली महाराष्ट्रात, मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा आणि नंबर गाडीवर लागेपर्यंत गाडी ग्राहकाच्या ताब्यातच द्यायची नाही. पाडव्याचा मुहूर्त सगळ्यांनाच गाठायचा असतो हे मला कळतं, पण त्यासाठी चार दिवस आधी कागद द्यायचे असतात आणि हे डीलरने तुम्हाला सांगायला हवं होतं.

आता तुम्ही लिहून दिलेलं. त्याने डीलर सुटत नाही, कायद्याने जे डीलरवर टाकलंय ते ग्राहकाच्या सहीने पुसलं जात नाही. पण पोलिसांपुढे तुम्हीही सुटत नाही, कारण कलम १९२ मध्ये नोंदणी नसलेली गाडी जो चालवतो त्याला पहिल्या वेळी २,००० ते ५,००० दंड आहे. म्हणून चलन झालं असेल तर ते भरा, पावती ठेवा आणि ती रक्कम डीलरकडून मागा.

दंडापेक्षा मला काळजी इन्शुरन्सची वाटते. सर्वोच्च न्यायालयाचा ३० सप्टेंबर २०२१ चा निकाल आहे, राजस्थानातल्या एका माणसाची बोलेरो, टेम्पररीची मुदत संपून दहा दिवसही झाले नव्हते, जोधपूरला गेस्टहाऊसबाहेर लावलेली चोरीला गेली. पॉलिसी चालू होती तरी क्लेम नाकारला तो बरोबर ठरला, कारण नोंदणी नसताना गाडी बाहेर नेली होती. तुमच्याकडे तर मुदत संपलेली टेम्पररीसुद्धा नाही.

"नंबर आलाय" यावर तोंडी विश्वास ठेवू नका. डीलरकडून 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवरचा अर्ज क्रमांक घ्या आणि parivahan.gov.in वर अर्जाची स्थिती बघा. अर्ज कुठल्या तारखेला केला, टॅक्स कधी भरला हे त्यातून कळेल. अर्जच पाडव्यानंतर दहा-बारा दिवसांनी टाकलेला निघाला तर तुमची बाजू एकदम भक्कम, कारण अर्ज न करणाऱ्या डीलरला कलम १९२बी मध्ये दंड आहे तो वार्षिक कराच्या १५ पट किंवा आयुष्यभराचा कर, जे जास्त असेल तेवढा. त्या स्क्रीनचा फोटो आजच काढा. आणि विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ मागून घ्या, त्यावरचा चासिस नंबर गाडीवरच्या आणि पॉलिसीवरच्या नंबरशी एकेक आकडा जुळवून बघा.

प्लेटचं म्हणाल तर १ एप्रिल २०१९ नंतर तयार झालेल्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीने पुरवायची आणि डीलरने बसवून द्यायची, ते गाडीच्या किमतीतच आलं. ८०० कशाचे ते पक्क्या पावतीवर लिहून मागा, सहसा तिथेच विषय संपतो. बाहेरच्या दुकानातून तशी दिसणारी प्लेट करून घेऊ नका. बसवताना समोर उभे राहा, वर डावीकडे अशोकचक्राचा होलोग्राम, खाली डावीकडे लेझरने कोरलेला १० अंकी नंबर, तो पुढच्या-मागच्या प्लेटचा वेगवेगळा असतो, आणि मागच्या प्लेटला न उघडणारं स्नॅप लॉक. साधे नट-बोल्ट मारले तर काढून पुन्हा नीट बसवायला लावा. गाडी शोरूमपर्यंत चालवत नेऊ नका, त्यांचा माणूस घरी बोलवा किंवा त्यांनी टेम्पोने न्यावी, असं सरळ सांगा.

हे सगळं डीलरला एका ईमेलमध्ये लिहा: अर्जाची तारीख, चलनाची रक्कम, प्लेट सात दिवसांत. नाही ऐकलं तर त्याच ईमेलची प्रत जोडून आरटीओकडे लेखी तक्रार, आणि पैशासाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं.