२ हेक्टरच्या रेषेखाली गर्दी कोणाची?

निफाडच्या द्राक्षबागायतदारांवर योजनेची २ हेक्टरची मर्यादा धरून रिग्रेशन डिस्कन्टिन्युइटी करतोयस ना? मग आधी हे विचार: क्षेत्राचा आकडा कोणाच्या हातात होता, आणि त्याला मर्यादा आधीच ठाऊक होती का? भावांत वाटणी करून सातबारा फोडता येतो.

आता ५-५ आरचे गट पाडून खातेदार मोज. समजा १.९५ ते २.०० मध्ये १४०, लगेच वर ६०. नवशिके इथेच ‘फेरफार!’ ओरडतात (तलाठ्याकडचा नव्हे). थांब. १.५० लाही असाच ढीग असेल, तर गोल आकडा लिहायची सवयही असू शकते; म्हणून नेमके २.०० वाले वगळून पुन्हा मोज. तरी फरक उरला, तर योजना जाहीर होण्याआधीचं क्षेत्र वापर.

`rddensity` ही घनतेची चाचणी नंतर चालव. खातेदार थोडे असले की तिला फेरफार असूनही अनेकदा दिसत नाही.