वहीतलं १३८ अंश

सर, मी खानापूरची, बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इंटर्नशिप करताना तिथल्या तापमानाच्या वहीतल्या तीन महिन्यांच्या नोंदी मी पायथनमध्ये तपासल्या. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं भांडं म्हणजे लॅडल; सकाळच्या पहिल्या लॅडलमधली कास्टिंग जास्त रिजेक्ट होत होती. कुठे कुठे १३८० ऐवजी १३८ लिहिलेलं होतं. आता एका प्रोग्रामिंग परिषदेने वक्ते मागवलेत: २५ मिनिटं भाषण, १५० शब्दांचा गोषवारा. मी सुरुवात केली, ‘आजच्या डिजिटल युगात डेटा सायन्सला अनन्यसाधारण महत्त्व आहे. मशीन लर्निंग, आयओटी आणि ऑटोमेशनचा आढावा घेतला जाईल.’ गेल्या वर्षी असाच गोषवारा नाकारला गेला. काय चुकतंय?
– एक विद्यार्थिनी

तुझ्या पत्रात फाउंड्री आहे, गोषवाऱ्यात मात्र तिचा पत्ता नाही. डिजिटल युगाचं वाक्य कुणीही लिहू शकतं. १३८ अंशांचं फक्त तूच. शिवाय मशीन लर्निंग, आयओटी आणि ऑटोमेशन २५ मिनिटांत बसत नाहीत, हे निवड करणाऱ्याला लगेच कळतं. तो एका बैठकीत ढीगभर गोषवारे वाचत असतो. हिने हे स्वतः केलंय का, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काय लागेल, एवढंच तो शोधतो.

मी असं लिहिलं असतं:

‘फाउंड्रीच्या वहीत ओतताना लोखंडाचं तापमान १३८ अंश होतं. तेवढ्यावर लोखंड वितळत नाही. लिहिणाऱ्याकडून शून्य राहिलं होतं. अशा तीन महिन्यांच्या हस्तलिखित नोंदी मी पायथनने साफ केल्या, तेव्हा दिसलं की सकाळच्या पहिल्या लॅडलमधली कास्टिंग जास्त वाया जातात. चुकीची नोंद कशी ओळखायची, ती दुरुस्त करायची की वगळायची, हे मी खऱ्या नोंदींवर दाखवेन. पायथनची तोंडओळख पुरे. फाउंड्रीची माहिती लागत नाही.’

निष्कर्ष गोषवाऱ्यातच सांगून टाकलाय, बघ. ‘रहस्य भाषणात उलगडेन’ म्हणणाऱ्यांकडे उलगडायला काही आहे का, अशी शंका येते. पण पुराव्यापुढे जाऊ नकोस. पहिली लॅडल नीट तापलेली नसेल तर लोखंड लवकर निवतं आणि साचा पुरता भरण्याआधीच गोठू शकतं. हे कारण सयुक्तिक आहे, तरी लॅडलचं तापमान तू मोजलं नसशील तर तो अंदाजच. तसंच लिही.

पुष्कळ परिषदा पहिली छाननी नावं झाकून करतात. म्हणून कॉलेजचं नाव आणि बक्षिसं गोषवाऱ्यात नकोत, त्यांची जागा परिचयात. परीक्षकांसाठी वेगळा रकाना असेल तर तिथे वेळेची वाटणी दे: ५ मिनिटं वहीची ओळख, १२ नोंदींची सफाई, ५ निष्कर्ष, ३ प्रश्नांना.

पाठवण्याआधी फाउंड्रीशी संबंध नसलेल्या मैत्रिणीला एकदाच वाचून दाखव आणि भाषणात काय असेल ते तिच्याकडून वदवून घे. ती ‘डेटाबद्दल काहीतरी’ म्हणाली तर पहिलं वाक्य बदल. (घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी अशी आपली तऱ्हा. आधी मराठीत सांगून बघ, मग इंग्रजीत लिही. जड शब्द आपोआप गळतात.)

आणि नोंदी मालकांच्या आहेत. त्या दाखवायची परवानगी अर्जाआधीच लेखी घे. निवड झाल्यावर त्यांनी नकार दिला तर २५ मिनिटं तू काय दाखवशील?