पहिल्या पगाराच्या मेसेजमधली कपात

नव्या कर्मचाऱ्यांना पहिल्या पगाराची माहिती देणाऱ्या तुमच्या मेसेजचा मसुदा चांगला आहे, फक्त ‘नियमानुसार कपात’ हे शब्द काढा आणि आकडे मांडा. नवा माणूस आधी हातात किती आले तेच बघतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा:

‘खात्यात जमा 22,000. एकूण पगार 24,000, त्यातून कपात: पीएफ 1,800, व्यवसाय कर 200.’

नवखे हमखास चुकतात ते इथे: पीएफचे 12 टक्के एकूण पगारावर नसतात, मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर असतात. इथे मूळ 15,000, महागाई भत्ता नाही, म्हणून 1,800. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यातले 1,250 पेन्शनला जातात. पासबुकात कंपनीचे 550च पीएफमध्ये दिसले की लोक घाबरून फोन करतात, म्हणून हे आधीच लिहा.

महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही. त्यांच्या मेसेजमधून ती ओळ काढा आणि जमा रक्कम 22,200 करा.